चौथा सहा कधी पडणार?

मे महिन्यात भाची राहायला आली की जेवणं उरकल्यावर ल्यूडोचा पट मांडला जातो. आमच्या घरचा नियम जरा कडक आहे. सहा पडला की आधी घरातली सोंगटी बाहेर काढायची. चारही सोंगट्या बाहेर येईपर्यंत सहाचा दुसरा काही उपयोग करायचा नाही. म्हणजे चार सोंगट्यांसाठी चार सहा हवेत. भाची प्रत्येक फेकीची नोंद जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला उभ्या रेघांनी करते आणि सहा पडला की रेघेभोवती गोल काढते.

परवाच्या डावात तिचा चौथा गोल एकतिसाव्या रेघेवर पडला. तोवर माझ्या दोन सोंगट्या फिरून घरीही पोचल्या होत्या. तिनं फासा खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "मामा, हा फासा खोटा आहे."

तिचं गणित सरळ होतं. फाशाला सहा बाजू, म्हणजे सरासरी सहा फेकींत एक सहा. चार सहा हवेत तर चोवीस फेकी. लागल्या एकतीस. मग सात फेकी कुणी खाल्ल्या?

चोवीस हा आकडा बरोबर आहे. पण सरासरीपेक्षा सात जास्त म्हणजे फार की थोडं, हे सरासरी सांगत नाही. त्यासाठी चौथा सहा कितव्या फेकीला पडण्याची शक्यता किती, याचा पूर्ण नकाशा लागतो. त्या नकाशाला संख्याशास्त्रात 'ऋण द्विपद वितरण' म्हणतात. नाव ऐकून दचकायला होतं, पण आतली गोष्ट ल्यूडोच्या पटावर मावते.

आधी एकाच सहाची वाट पाहू

समजा २१६ घरांत एकाच वेळी ल्यूडो सुरू झाला आणि प्रत्येक घरात एक जण पहिल्या सहाची वाट पाहतोय. पहिल्या फेकीला साधारण एक षष्ठांश घरांत सहा पडेल, म्हणजे ३६ घरं सुटली. उरली १८०. दुसऱ्या फेकीला या १८० पैकी एक षष्ठांश, म्हणजे ३० घरं सुटतील. उरली १५०. तिसऱ्या फेकीला २५ सुटतील आणि १२५ उरतील. प्रत्येक फेरीत सुटणाऱ्यांची संख्या आधीच्या फेरीच्या पाच षष्ठांश होत जाते: ३६, ३०, २५ आणि पुढे अशीच घसरत. ठरावीक पटीनं बदलत जाणाऱ्या अशा संख्यांना भूमितीय श्रेढी म्हणतात. म्हणून पहिल्या यशापर्यंतच्या प्रयत्नांच्या वितरणाला 'भूमितीय वितरण' हे नाव मिळालं. वितरण म्हणजे कोणत्या उत्तराच्या वाट्याला किती संभाव्यता आली, याचं वाटप.

आता एक गंमत पाहा. सरासरी सहा फेकी लागतात हे खरं, पण सर्वात जास्त घरं सुटतात ती पहिल्याच फेकीला. सहाव्या फेकीला सुटणारी घरं त्या मानानं बरीच कमी. चार फेकींच्या आत निम्म्याहून थोडी जास्त घरं, अचूक सांगायचं तर ५१.८ टक्के, मोकळी झालेली असतात. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शेव्हालिए द मेरे हा जुगाराचा शौकीन चार फेकींत निदान एक सहा पडेल अशी पैज फायद्याची समजत होता. हा फायदा या ५१.८ टक्क्यांतूनच येतो. त्याच्या अशाच प्रश्नांवरून १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार झाला आणि संभाव्यतेचं गणित आकाराला येऊ लागलं.

मग सरासरी सहावर कशी जाते? शेपटीमुळे. सहा फेकींनंतरही ३३ टक्के घरं ताटकळलेली असतात, बारा फेकींनंतर ११ टक्के आणि अठरानंतरही जवळजवळ ४ टक्के. संख्येनं थोडी असलेली ही दुर्दैवी घरं पंधरा-पंधरा, वीस-वीस फेकी खर्च करून सरासरी वर ओढतात.

या वितरणाचा दुसरा गुण म्हणजे त्याला आठवण नसते. दहा फेकी वाया गेल्या तरी पुढे सरासरी आणखी सहाच फेकी लागणार. फाशाला मागचं देणंघेणं नाही. "इतका वेळ पडला नाही, आता पडायलाच हवा" असं आपण म्हणतो, ते फाशाच्या कानावर जात नाही.

चार वाटा एकापुढे एक

चार सहांची वाट म्हणजे एका सहाची वाट चार वेळा पाहणं. लांबच्या गावाला एसटीनं चार ठिकाणी गाडी बदलत जायचं असेल तर प्रत्येक स्टँडवर ताटकळणं वेगळं असतं. एका ठिकाणी उतरल्याबरोबर गाडी मिळते, दुसऱ्या ठिकाणी दोन चहा होतात. एकूण ताटकळणं म्हणजे या चारांची बेरीज. भाचीच्या कॅलेंडरवरही तेच दिसतं. पहिल्या रेघेपासून पहिल्या गोलापर्यंत एक टप्पा, तिथून दुसऱ्या गोलापर्यंत दुसरा, असे चार टप्पे. प्रत्येक टप्पा भूमितीय आणि चारांची बेरीज म्हणजे ऋण द्विपद. हवी असलेली यशं चाराऐवजी एकच ठेवली तर बेरजेत एकच टप्पा उरतो. म्हणजे भूमितीय वितरण हे या कुटुंबातलंच सर्वात धाकटं पोर.

बेरीज म्हटल्यावर सरासरी चौपट होणार: ६ गुणिले ४, बरोबर २४. पण उत्तरं सरासरीच्या किती आजूबाजूला पसरतात, तो पसारा चौपट होत नाही. एका सहासाठी हा पसारा, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, साधारण साडेपाच फेकींचा असतो. चार सहांसाठी तो बावीस होत नाही, फक्त दुप्पट, म्हणजे साधारण अकरा होतो. कारण चारही टप्पे एकदम वाईट जाणं विरळा. एका स्टँडवर गेलेला वेळ दुसऱ्या स्टँडवर भरून निघतो. एका सहाच्या बाबतीत पसारा जवळजवळ सरासरीएवढाच होता. चार सहांच्या बाबतीत तो सरासरीच्या निम्म्याहूनही थोडा कमी आहे. आणखी सहा मागा, सरासरीच्या मानानं अनिश्चितता आणखी घटेल.

शेवटची फेक यशाचीच हवी

आता नकाशा काढू. चौथा सहा नेमका दहाव्या फेकीला पडण्याची शक्यता किती?

इथे पुष्कळ जण, मीही कॉलेजात असताना, एक हमखास चूक करतात. दहा फेकींत चार सहा, म्हणून दहा जागांतून चार जागा निवडायच्या. त्याचे प्रकार २१०. पण या २१० प्रकारांत असेही प्रकार आहेत ज्यांत चारही सहा पहिल्या सात फेकींतच पडून गेलेत. तसं झालं असतं तर भाचीनं सातव्या रेघेलाच टाळ्या पिटल्या असत्या, दहाव्या फेकीपर्यंत मोजणी आलीच नसती. आपण चौथ्या सहापाशी थांबतो. म्हणून दहावी फेक सहाच असणार, तिची जागा आधीच राखीव आहे. निवड करायची ती आधीच्या नऊ फेकींत उरलेल्या तीन सहांच्या जागांची. त्याचे प्रकार ८४.

यातल्या कोणत्याही एका प्रकाराची शक्यता म्हणजे चार सहांसाठी १/६ चार वेळा आणि सहा न पडलेल्या फेकींसाठी ५/६ सहा वेळा, या सगळ्यांचा गुणाकार. त्याला ८४ नं गुणलं की उत्तर येतं साधारण २.२ टक्के. २१० नं गुणलं असतं तर ५.४ टक्के आले असते. तेही एका प्रश्नाचं उत्तर आहे, पण त्या वेगळ्या प्रश्नाचं: "दहाच फेकी टाकायच्या, त्यांत नेमके चार सहा पडतील का?" तो द्विपद वितरणाचा प्रश्न झाला. तिथे फेकी ठरलेल्या असतात आणि यशं मोजायची असतात. इथे यशं ठरलेली आहेत आणि फेकी मोजायच्या आहेत.

सूत्रात मांडायचं तर, हवी असलेली यशं r, एका प्रयत्नात यशाची शक्यता p आणि लागलेले एकूण प्रयत्न n असतील तर

P(N = n) = C(n−1, r−1) · p^r · (1−p)^(n−r)

यातले दोन ठिकाणचे "उणे एक" म्हणजे ती शेवटची राखीव फेक.

उतार आणि टेकडी

या सूत्रात आकडे घालत गेलं की दोन वितरणांचा फरक नजरेला दिसतो. भूमितीय वितरणाचं चित्र घसरगुंडीसारखं असतं: पहिल्या फेकीला सर्वात उंच आणि मग सतत खाली. चार सहांचं चित्र मात्र टेकडीसारखं. चौथा सहा चौथ्याच फेकीला पडणं, म्हणजे सलग चार सहा, ही शक्यता १२९६ मध्ये एक. दहाव्या फेकीला ती २.२ टक्के होते. पुढे चढत चढत अठराव्या आणि एकोणिसाव्या फेकीला ४.१ टक्क्यांवर पोचते. हा माथा. मग उतार लागतो, पण चढणीपेक्षा लांबलचक. चोविसाव्या फेकीला ३.६ टक्के उरतात. म्हणजे इथेही सर्वाधिक संभवणारं उत्तर सरासरीच्या आधीच येतं. कारणही तेच, उजवीकडची शेपटी.

आता भाचीचा खटला निकाली काढता येतो. तिला ३१ फेकी लागल्या. खरा प्रश्न असा: निर्दोष फाशावरही ३१ किंवा त्याहून जास्त फेकी लागण्याची शक्यता किती? हे मोजायला लांब बेरीज करायची गरज नाही. ३१ किंवा जास्त लागल्या, याचा अर्थ पहिल्या ३० फेकींत तीन किंवा त्याहून कमी सहा पडले. एवढं मोजलं की पुरे. उत्तर येतं साधारण २४ टक्के. अगदी चांगल्या फाशानं खेळलेल्या चार डावांतल्या एका डावात असं व्हायचंच. फासा सुटला. पन्नासाव्या फेकीपर्यंत जावं लागलं असतं तर मात्र मीही फासा उजेडात नेला असता. अठ्ठेचाळीस फेकींतही काम न होण्याची शक्यता फक्त ३ टक्के आहे.

फासा विसरतो, कॅलेंडर विसरत नाही

भूमितीय वितरणाला आठवण नसते, मग चार बिनआठवणींच्या बेरजेला आठवण असते का? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे.

भाचीच्या जागी बसून पाहिलं तर गोष्ट सोपी आहे. तीन गोल काढून झाले असतील तर पुढे सरासरी सहा फेकी, एकही गोल नसेल तर चोवीस. मग आतापर्यंत किती रेघा झाल्या, हे विचारण्याचं कारण नाही. किती गोल झाले तेवढं सांगा.

पण स्वयंपाकघरातून बहीण विचारते, "झालं का गं?" आणि भाची नुसतं "नाही" म्हणते. बहिणीला एवढंच कळलं की चोवीस फेकी झाल्या आणि काम अजून बाकी आहे. किती गोल झाले ते तिला माहीत नाही. पुढच्याच फेकीला काम होईल, याची तिच्या दृष्टीनं शक्यता किती? हिशोब केला तर साधारण ८ टक्के. अठ्ठेचाळीस फेकींनंतर पुन्हा तेच उत्तर मिळालं तर? आता शक्यता जवळजवळ १२ टक्के. आणखी उशीर झाला तर ती हळूहळू १६.७ टक्क्यांकडे, म्हणजे १/६ कडे सरकते. पण ती ओलांडत मात्र नाही.

फासा तोच आहे, बदललाय तो बहिणीचा अंदाज. इतका वेळ गेलाय म्हणजे दोन-तीन सहा बहुधा पडून गेले असतील, आता एखादाच उरला असेल, असं तिला म्हणता येतं. म्हणजे ऋण द्विपद वितरणात वाट पाहण्याला अर्थ येतो, पण तो फाशामुळे नाही. मध्ये झालेली यशं आपल्याला दिसत नाहीत, म्हणून. एकाच सहाची वाट पाहताना मध्ये लपायला काही नसतंच.

> चौकट: दोघांतला फरक (फासा, p = १/६)
>
> भूमितीय, एक सहा: सरासरी ६ फेकी. पसारा साधारण ५.५. सर्वाधिक संभव पहिल्या फेकीला. निम्मे डाव चौथ्या फेकीपर्यंत उरकतात. आठवण नाही.
>
> ऋण द्विपद, चार सहा: सरासरी २४ फेकी. पसारा साधारण ११. सर्वाधिक संभव १८ व्या आणि १९ व्या फेकीला. निम्मे डाव बाविसाव्या फेकीपर्यंत उरकतात. मधली यशं दिसत नसतील तर वाट पाहण्यातून माहिती मिळते.
>
> सर्वसाधारण सूत्र: सरासरी r/p, पसाऱ्याचा वर्ग r(1−p)/p².

'ऋण' कशाला, आणि संगणकावरचा सापळा

या नावात उणं काहीच नाही, सगळ्या शक्यता धनच आहेत. शाळेत (a+b) चा वर्ग, घन उलगडतो, तसंच द्विपद वितरण धन घातांकाच्या विस्तारातून निघतं. इथल्या शक्यता मात्र (1−q)^(−r) अशा उणे घातांकाच्या विस्तारातून निघतात, इथे q म्हणजे अपयशाची शक्यता. त्यावरून हे नाव. याला पास्कल वितरण असंही म्हणतात. मला ते नाव जास्त आवडतं, निदान ऐकणारा घाबरत तरी नाही.

खरा घोळ नावात नाही, मोजणीत आहे. काही पुस्तकं एकूण प्रयत्न मोजतात, काही फक्त अपयशं मोजतात. आपल्या उदाहरणात एकोणिसाव्या फेकीला चौथा सहा पडला, हीच गोष्ट दुसऱ्या भाषेत "चौथ्या यशाआधी पंधरा अपयशं" अशी होते. संगणकावरची बहुतेक साधनं ऋण द्विपदासाठी अपयशं मागतात. एक्सेलमध्ये आणि `R` मध्ये एकोणिसाव्या फेकीची शक्यता अशी काढायची:

```
=NEGBINOM.DIST(15, 4, 1/6, FALSE)

dnbinom(15, size = 4, prob = 1/6)
```

उत्तर ०.०४०९ येतं. पंधराच्या जागी चुकून १९ लिहिलं तर ०.०३७२ येतं. ही चूक ओरडून सांगत नाही, हाच तिचा वाईटपणा. उत्तर इतकं शहाण्यासारखं दिसतं की कुणाला शंका येत नाही. त्यात भर म्हणजे पायथॉनच्या `scipy.stats` मध्ये `nbinom` अपयशं मोजतं आणि `geom` मात्र एकूण प्रयत्न मोजतं. एकाच घरात दोन भाषा. यावर माझा उपाय साधा आहे. कोणतंही साधन वापरण्याआधी त्याला शून्य देऊन पाहायचं. अपयशं मोजणारं साधन चार सहांसाठी १/१२९६, म्हणजे ०.०००७७ सांगेल. एकूण प्रयत्न मोजणारं साधन शून्य सांगेल, कारण शून्य फेकींत चार सहा पडूच शकत नाहीत.

हापूसमधला साका

फाशाची p आपल्याला आधीच माहीत असते. पण बहुतेक ठिकाणी तीच शोधायची असते, आणि तिथे ही उलटी मोजणी कामाला येते.

हापूस बाहेरून सोनेरी, देखणा. कापला की कधी कधी बाठ्यालगत गर फिकट पांढुरका, जाळीदार, स्पंजासारखा निघतो आणि त्याला आंबूस वास येतो. हा साका. फळ न कापता तो ओळखणं महाकठीण. समजा, रस काढायच्या कारखान्यात एक गाडी आंबा आला आणि त्यात साक्याचं प्रमाण किती ते काढायचंय. कापण्याचं दुःख इथे नाही, फळं कापलीच जाणार आहेत.

सरळ रीत म्हणजे तीस फळं कापून मोजायची. पण प्रमाण पाच-सहा टक्के असेल तर तीस फळांत एक सापडेल, कधी तीन सापडतील, कधी एकही नाही. एकही नाही यातून काय बोध घ्यायचा? प्रमाण कमी असलं की आधी ठरवलेला नमुना अपुरा पडतो, आणि प्रमाण कमी आहे हे तर आधी माहीत नसतं. हे त्रांगडं सोडवण्यासाठी जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४५ मध्ये उलटी रीत मांडली. हे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि इथेच राहिले. त्यांची रीत अशी: फळांची संख्या ठरवू नका, साक्यांची ठरवा. पाच साके सापडेपर्यंत कापत राहा आणि किती फळं लागली ते मोजा. प्रमाण कमी असेल तर मोजणी आपोआप लांबेल, जास्त असेल तर लवकर संपेल. दोन्हीकडे उत्तराची सापेक्ष खात्री जवळपास सारखीच राहते, कारण दुर्मीळ गोष्टीच्या बाबतीत ती मुख्यतः किती यशं मोजली यावरच अवलंबून असते. पाच यशांत ती कच्चीच असते, पंचवीस मोजली तर चूक साधारण वीस टक्क्यांच्या आसपास येते.

समजा पाचवा साका बासष्टाव्या फळात निघाला. प्रमाण किती? कुणीही म्हणेल ५ भागिले ६२, म्हणजे ८.१ टक्के. हाल्डेन म्हणतात ४ भागिले ६१, म्हणजे ६.६ टक्के. वर-खाली एक-एक वजा का?

कारण ती शेवटची राखीव फेक. आपण साका सापडल्यावरच थांबलो, म्हणून बासष्टावं फळ साक्याचं असणार हे ठरलेलंच होतं. ती नियमाची करामत, पुरावा नव्हे. ते फळ बाजूला ठेवा: उरली एकसष्ट फळं, त्यांत चार साके. आपला फासा घेऊन याची परीक्षा करता येते. पहिला सहा पडेपर्यंत फेका आणि प्रमाण म्हणून "१ भागिले लागलेल्या फेकी" लिहा. असं हजारो वेळा केलं तर या उत्तरांची सरासरी १/६, म्हणजे ०.१६७ यायला हवी. प्रत्यक्षात ती ०.३५८ येते, दुपटीहूनही जास्त. पहिल्याच फेकीला सहा पडलेल्या प्रत्येक डावानं "प्रमाण शंभर टक्के" असं बेधडक लिहिलेलं असतं, त्याचा हा परिणाम. एक-एक वजा केला की ही फुगवटी नेमकी निघून जाते. मात्र त्यासाठी निदान दोन यशं मोजावी लागतात. एकाच यशावर थांबलात तर वरचा आकडा शून्य होतो आणि हातात काहीच राहत नाही. भूमितीय मोजणीतून प्रमाणाचा असा चांगला अंदाज काढणं म्हणूनच जड जातं.

बासष्ट आणि बासष्ट

या सगळ्याखाली दोन गृहीतकं आहेत. प्रत्येक प्रयत्नात यशाची शक्यता तीच राहते आणि एका प्रयत्नाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. फाशाला दोन्ही लागू होतात, आंब्याला लागू होतीलच असं नाही.

समजा एका गाडीत साके नवव्या, एकतिसाव्या, अडतिसाव्या, पंचावन्नाव्या आणि बासष्टाव्या फळात निघाले. दुसऱ्या गाडीत पहिली छप्पन्न फळं चोख निघाली आणि मग सत्तावन्न, अठ्ठावन्न, साठ, एकसष्ट, बासष्ट असे एकापाठोपाठ साके. दोन्हीकडे पाचवा साका बासष्टावाच. सूत्र दोन्हीकडे ६.६ टक्केच सांगेल. पण दुसऱ्या गाडीत बहुधा एक क्रेट वेगळ्या झाडांचा किंवा झाडावर जून होऊन उशिरा उतरवलेल्या फळांचा आहे, आणि कापणारा सत्तावन्नाव्या फळाला त्या क्रेटपाशी पोचलाय. तिथे एकच p नाही, दोन आहेत.

हे ओळखायचं तर एकूण संख्या पुरत नाही, मधली अंतरं लिहून ठेवावी लागतात. पहिल्या गाडीत ती ९, २२, ७, १७, ७ अशी आहेत. दुसरीत ५७, १, २, १, १. भूमितीय वितरणात छोटी अंतरं जास्त असतात हे खरं, पण एक भलंमोठं आणि बाकी सगळी एक-दोनची अशी रांग दिसली की थांबायचं. उपाय कापणं सुरू होण्याआधीच करायला हवा: एकेक क्रेट संपवत जाण्याऐवजी सगळ्या क्रेटांतून फळं उचलून मिसळायची, किंवा क्रेटवार वेगळी मोजणी ठेवायची.

दुसरी अडचण वेळेची. प्रमाण एकच टक्का निघालं तर पाच साक्यांसाठी सरासरी पाचशे फळं कापावी लागतील आणि सातशेपर्यंत जाणंही काही जगावेगळं नाही. मग "पाच साके किंवा दोनशे फळं, जे आधी होईल ते" असा नियम करण्याचा मोह होतो. नियम चांगला आहे, पण ज्या दिवशी दोनशे फळांवर थांबावं लागलं त्या दिवशी शेवटचं फळ राखीव नव्हतं. तिथे एक वजा करायचा नाही. म्हणून नोंदवहीत किती फळं आणि किती साके एवढंच लिहून भागत नाही. आपण कशामुळे थांबलो, साक्यामुळे की दोनशेव्या फळामुळे, यासाठी एक रकाना जास्त आखावा लागतो.